लोनची प्रोसेसिंग फी एकदम खर्चात की हप्त्याने?

आमची रत्नागिरीला आंबा कॅनिंगची कंपनी, इंड एएस लागू. 10 लाखाच्या लोनवर 20,000 फी गेली, ती याच वर्षी खर्चात टाकू का?

नको. फी वजा जाता हातात 9.80 लाखच आले ना, मग लोन तेवढ्यालाच दाखवायचं. समजा 3 वर्षं, व्याज 10% दरवर्षी, मुद्दल शेवटी, तर खरा दर एक्सेलमध्ये असा काढा:

```
=RATE(3,-100000,980000,-1000000)
```

साधारण 10.82% येतो. पहिल्या वर्षी खर्च सुमारे 1,06,000, बँकेला दिले 1,00,000, वरचे 6,000 लोनच्या बाकीत चढवा. पुढे 6,640 आणि 7,360, म्हणजे समान तीन भाग करायचे नाहीत हां. शेवटी बाकी बरोबर 10 लाख आली नाही तर कुठेतरी चुकलंय. लोन आधीच फेडलंत तर उरलेली फी तेव्हाच खर्चात.