पिव्होटच्या भरवशावर मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: तीन महिन्यांपासून रोज सकाळी आदल्या दिवसाच्या हाय, लो आणि क्लोजवरून पिव्होट, सपोर्ट आणि रेझिस्टन्स काढून फोनमधल्या नोंदीत टाकतो. भाव बऱ्याचदा त्याच पातळीवरून वळताना दिसतो. मुदत ठेवीतली निम्मी रक्कम मोडून त्यावर इंट्राडे सुरू करावं म्हणतो. करू का?

उत्तर: ठेव मोडू नका. रोज न चुकता नोंद ठेवणं ही चांगलीच सवय आहे, ती सोडायला मी सांगणार नाही. पण भाव वळतो एवढ्यावरून त्यात पैसे सुटतात की नाही, हे कळत नाही. ते कसं, हे तुमच्याच गणितातून दाखवतो.

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2P - L
S1 = 2P - H
```

समजा काल हाय 1040, लो 1000 आणि क्लोज 1030 होता. पिव्होट आला 1023.33, पहिला रेझिस्टन्स 1046.67, पहिला सपोर्ट 1006.67. आता या दोन टोकांची वजाबाकी करा. बरोबर 40 येते, म्हणजे कालचीच रेंज. हा योगायोग नाही, सूत्रातच तसं आहे. कालचा पट्टा तेवढाच्या तेवढा उचलायचा आणि क्लोज कुठे झाला त्यानुसार थोडा वर-खाली सरकवायचा, एवढंच हे गणित करतं. आज कोण खरेदी करणार, कोण विकणार याची त्यात काहीच माहिती नसते.

आता सौदा मांडू. सपोर्टला 1006.67 वर खरेदी, टार्गेट पिव्होट, म्हणजे 16.67 अंक वर. स्टॉपलॉस रेंजच्या पाव हिश्शाइतका, म्हणजे 10 अंक खाली. ब्रोकरेज, कर आणि भावातला फरक मिळून एका सौद्याचा खर्च 2 अंक धरू. तर जिंकलात की हातात 14.67, हरलात की 12 गेले. फक्त बरोबरीत राहायलाही 100 पैकी 45 सौदे जिंकावे लागतील.

पातळीत काहीच दम नाही आणि भाव तिथून वर किंवा खाली सारख्याच शक्यतेने सरकतो असं धरलं, तरी 16.67 वरचं टार्गेट 10 खालच्या स्टॉपच्या आधी लागण्याची शक्यता 8 पैकी 3 असते. म्हणजे निव्वळ नशिबानेही सपोर्ट 'चालला' असं तुम्हाला वरचेवर दिसणारच. तीन महिन्यांत समजा भाव 24 वेळा सपोर्टला आला. नशिबाने 9 वेळा टार्गेट लागणं अपेक्षित आहे, पण 12 वेळा लागलं तरी त्यात नवल नाही. 12 म्हणजे निम्मे सौदे, कागदावर नफा! इतक्या थोड्या नोंदींवर ठेव मोडणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय सगळे दिवस सारखे नसतात. काल बाजार फक्त 10 अंकांत फिरला, हाय 1034, लो 1024, क्लोज 1029, तर पिव्होटपासून सपोर्ट जेमतेम 5 अंकांवर येतो. खर्च तोच 2 अंक. जिंकलात तर 3, पाव रेंजचा स्टॉप उडाला तर 4.5 गेले. आता बरोबरीसाठीच 100 पैकी 60 सौदे जिंकायला हवेत. अरुंद रेंजच्या दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. तसंच बाजार गॅपने थेट 1060 ला उघडला, तर पहिला रेझिस्टन्स उघडतानाच मागे पडलेला असतो. त्या दिवशीच्या नोंदी बाकीच्यांत मिसळू नका.

क्लोज कुठला घेता, तेही एकदा तपासा. काही बाजारांत अधिकृत क्लोज हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो, शेवटच्या काही मिनिटांची सरासरी असते. दोन्हींत 9 अंकांचा फरक असला तर पिव्होट 3 अंकांनी आणि पहिला सपोर्ट 6 अंकांनी सरकतो. वरच्या उदाहरणात स्टॉपच 10 अंकांचा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथेच गेला. एकच प्रकार ठरवा आणि तोच कायम ठेवा.

ठेव तशीच राहू द्या आणि नोंदीत भर घाला. बाजार उघडण्याआधी सपोर्टबरोबर स्टॉप आणि टार्गेटही लिहा. शेजारी एक खोटी पातळी टाका, सपोर्टच्या पाव रेंज वर, स्टॉप-टार्गेटचं अंतर तेच. संध्याकाळी दोन्हींचा निकाल खर्च वजा करून मांडा. स्टॉप आणि टार्गेट एकाच मिनिटात लागलेले दिसले, तर स्टॉप आधी उडाला असंच धरा. दोन्हीकडे निदान शंभरेक सौदे जमले आणि तरीही तुमचा सपोर्ट खोट्या पातळीपेक्षा स्पष्टपणे पुढे असला, तर पुढच्या पगारातून बाजूला काढलेल्या आणि पूर्ण बुडाली तरी घरखर्च अडणार नाही अशा रकमेने सुरुवात करा. तेव्हाही एका सौद्यात त्या रकमेच्या 1 टक्क्याहून जास्त जोखीम घेऊ नका.