पगार घरात द्यायचा, पण सगळा नाही

‘नोकरी लागून सहा महिने झाले. हातात २४,००० येतात, आईकडे देतो. लागतील तसे मागून घेतो. बचतीचं बोललो की पप्पा म्हणतात, “आता हिशेब सांगायला लागला!” कसं समजावू?’

अंबडच्या कारखान्यात लागलेला, सिडकोत आईवडिलांसोबत राहणारा हा मुलगा. हाच प्रश्न घेऊन येणारी मुलंमुली आता इतकी झालीत की पहिलं वाक्य ऐकून पुढचं कळतं. मी त्याला विचारलं, “घराचं लाईट बिल किती येतं?” तो गप्प. “दूध किती लागतं?” तेही माहीत नव्हतं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मी पैसे देतो, पण खर्च उचलत नाही.”

सगळी गाठ तिथेच होती. नुसती रक्कम दिली की ती कमी-जास्त वाटत राहते. ‘आठच हजार?’ हा प्रश्न रकमेला विचारता येतो, भरलेल्या बिलाला नाही. म्हणून महिनाभर त्याला आईकडून बिलं आणि दुधाची वही बघायला लावली, मगच पत्र लिहायला घेतलं. पत्रच, कारण जेवताना बोललं की पहिल्या वाक्यालाच अडवलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ते मावशीपर्यंत जातं.

पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, ‘मला दरमहा ६,००० बाजूला टाकायचे आहेत.’ मी म्हटलं, हे वाचून वडिलांना पोरगा वेगळी चूल मांडतोय असंच वाटेल. क्रम उलटा केला. शेवटचं पत्र असं:

‘आई, पप्पा,
या महिन्यापासून लाईट बिल, दूध आणि किराणा माझ्याकडे. मागच्या महिन्यात त्याचे १,३००, १,९०० आणि ४,८०० झाले, म्हणजे ८,०००. बिल वाढलं तरी मीच भरेन. पेट्रोल, कँटीन, मोबाइल धरून मला ६,००० लागतात. ४,००० ची वर्षाची आरडी काढतोय, २,००० वेगळ्या खात्यात टाकेन. घरात दवाखाना निघाला तर आधी ते खातं वापरू. उरलेले ४,००० सणवार, कपडे, गाडीचं काम यांसाठी. एप्रिलमध्ये पगार वाढला की पुन्हा बसून ठरवू.’

‘बिल वाढलं तरी’ हे त्याचं स्वतःचं वाक्य. माझ्या मते पत्राचा जीव त्यातच आहे. ‘दवाखाना’ हा शब्द मात्र मी मुद्दाम घालायला लावला. ‘अडचण’ लिहिलं असतं तर चुलतभावाचं लग्नसुद्धा अडचणच ठरलं असतं.

पगार ७ तारखेला होतो, म्हणून आरडीचा हप्ता १० तारखेला ठेवला. पगार एखादा दिवस लांबला तरी हप्ता चुकून दंड बसत नाही. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे दर महिन्याला घरात तोच विषय निघत नाही.

पत्र देऊन त्याच दिवशी उत्तर मागू नकोस, असं त्याला बजावलं होतं. वडील तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “आरडी कुठल्या बँकेत काढतोयस?”