बार सुटण्याआधी छाती कुणाची, खांदा कुणाचा

सर, बेंच मारतोय छातीसाठी, पण दुसऱ्या दिवशी दुखतात पुढचे खांदे. ट्रेनर म्हणतात फरे मागे घे. घेतो की! पण बार रॅकमधून काढला की सगळं सुटतंय. ६० किलोचे ८ निघतात. – जुळे सोलापूर

"बार काढला की" हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, दुखणं तिथंच आहे. तुमच्या रॅकचे हूक उंच असणार. हात पूर्ण सरळ करूनही बार हुकाच्या ओठावरून सुटत नाही, मग उरलेलं दोन बोटं अंतर तुम्ही खांदा वर ढकलून भरून काढता. खांदा वर गेला की फरा बरगड्यांवरून पुढं घसरतो आणि छाती बसते. हातात ६० किलो लटकत असताना तो फरा पुन्हा मागं ओढणं कुणालाच जमत नाही. पुढचे आठही रेप्स त्याच बसक्या छातीवर होतात.

फरे मागे आणि थोडे कमरेच्या बाजूला दाबून धरले, की छातीचा पिंजरा वर येतो आणि दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत मागं बसतं. बार खाली येताना छातीचा स्नायू नीट ताणला जातो आणि ढकलायची सुरुवात तोच करतो. फरे सुटले तर खांदा पुढं गोल होतो आणि पुढच्या डेल्टॉइडवर जास्तीचा भार येतो. ट्रायसेप्सचं काम दोन्हीकडे जवळपास तेवढंच राहतं. फरे धरून ठेवायचं काम ऱ्हॉम्बॉइड आणि मधल्या ट्रॅपचं. ते बार ढकलत नाहीत, फक्त पाया घट्ट ठेवतात. पण फरे खेचले म्हणून खांद्याचं काम शून्य होतं असं समजू नका. बेंचमध्ये पुढचा खांदा कायमच असतो, प्रश्न फक्त वाट्याचा आहे.

आता करायचं काय? हूक एक खाच खाली घ्या. बार पकडल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे आणि ते सरळ केल्यावर बार दोन-तीन सेंटीमीटर उचलून सुटला पाहिजे. डोळे बारच्या बरोबर खाली येतील असं झोपा. त्याहून खाली सरकून झोपलात तर बार काढायला लांबचा प्रवास करावा लागतो. फरे आधी जुळवा, बार नंतर धरा. मग बार वर न ढकलता, हात सरळ ठेवून खांद्यांच्या वर ओढून आणा. शक्य असेल तर जोडीदाराला हात लावायला सांगा, तोही फक्त हुकापासून सुटेपर्यंत.

काही दिवस ४५ किलोवर या. सहा-सहाचे तीन सेट, प्रत्येक रेपला बार छातीवर सेकंदभर थांबवा. मोबाइल बाजूला, बेंचच्या उंचीवर ठेवून शूटिंग करा आणि पहिल्या व सहाव्या रेपला हात सरळ झाल्यावर खांदा बघा. सहाव्याला तो रेक्झिनपासून सुटून वर आलेला दिसला, तर तुम्ही लॉकआउटला बार आभाळाकडे ढकलताय. कोपर सरळ झालं की रेप संपला. आणि दुखणं खांद्याच्या आत टोचल्यासारखं असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर हा सेटअपचा विषय नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

कमान केली की ७० च्या जागी ७५ जातंय. मित्र म्हणतो ही चीटिंग आहे, छाती बनणार नाही. खरं काय? – अक्कलकोट रोड

स्पर्धेत उतरणार असाल तर चीटिंग नाही. नितंब, खांदे आणि डोकं बेंचला टेकलेलं हवं, तळवे जमिनीवर सपाट हवेत, एवढं पाळून कमान करता येते. मात्र अतिकमानीला आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशननं २०२३ पासून चाप लावलाय. बार खाली असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीइतकी किंवा त्याखाली यावी लागते.

छातीचा हिशोब वेगळा. समजा सपाट पाठीवर तुमचा बार ३६ सेंटीमीटर प्रवास करतो आणि कमानीत ३०. ७० गुणिले ३६ म्हणजे २५२०, ७५ गुणिले ३० म्हणजे २२५०. वजन पाच किलोनं वाढलं तरी एका रेपचं काम घटलं. शिवाय गेलेले सहा सेंटीमीटर अगदी तळाचे, जिथं छाती सर्वात जास्त ताणलेली असते. स्नायू वाढवायला तोच भाग कामाचा.

दुसरी गोष्ट कोनाची. कमानीनं धड डोक्याच्या बाजूला उतरतं होतं, म्हणजे सपाट बेंचवर झोपूनही तुम्ही थोडा डिक्लाइन मारता. बार छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाकडे टेकतो. त्यामुळे छातीच्या मधल्या-खालच्या तंतूंचा वाटा वाढतो, तर गळपट्टीच्या हाडाखालचा भाग आणि पुढचा खांदा यांचा कमी होतो. म्हणूनच खांदा कुरकुरणाऱ्याला बेताची कमान मानवते.

मला विचाराल तर छातीसाठी कमरेखाली तळहात आरामात सरकेल एवढी कमान पुरे, आणि वरच्या छातीसाठी इनक्लाइन वेगळं करा. कमान छातीमागच्या मणक्यातून काढा. नुसती कंबर मोडलीत तर तिसऱ्या सेटला कमरेत गोळा येईल आणि छाती होती तिथंच राहील.

सर, माझी उंची पाच फूट. पायांनी जोर लावायला गेले की बूड उचललं जातं. आणि पायांचा जोर छातीला कसा काय मिळतो? – विजापूर रोड

थेट मिळत नाही, ताई. मांड्या आणि नितंब तुमचा बार एक सेंटीमीटरही ढकलत नाहीत. तळव्यांनी जमीन पुढं सरकवायचा प्रयत्न केला की शरीर डोक्याच्या दिशेला रेटलं जातं आणि पाठीचा वरचा भाग बेंचमध्ये रुततो. म्हणजे वर सांगितलेले फरे आणि कमान हलत नाहीत, आणि छातीला ढकलायला घट्ट आधार मिळतो. स्नायूंचे वाटे पाय बदलत नाहीत, ते टिकवतात. जोर मात्र बार खाली यायच्या आधीच लावलेला हवा. बार अडकल्यावर लाथ मारणं म्हणजे लेग ड्राइव्ह नव्हे.

बूड उठतं याचा अर्थ जोर सरळ खाली जातोय. स्पर्धेच्या बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर असते आणि पाच फुटांच्या माणसाचे तळवे तिथं जेमतेम टेकतात. टाच टेकवण्यासाठी तुम्ही पाय बुडाखाली ओढत असाल, तिथून मग वरच उचललं जाणार. दोन्ही पायांखाली एकेक रुंद प्लेट ठेवा. स्पर्धेतही ३० सेंटीमीटरपर्यंतचे ठोकळे चालतात. मग पाय थोडे पुढं घ्या आणि पायाची बोटं बुटाच्या टोकाकडे सरकवल्यासारखा जोर लावा. बरोबर जमलं तर मांडीचा पुढचा भाग ताठ होतो आणि अंग किंचित डोक्याकडे सरकू बघतं.

सरकू बघावं, सरकू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घामानं रेक्झिन ओल्या फरशीसारखं होतं, तिथं सगळी मेहनत वाया जाते. ड्रायफिटऐवजी सुती टी-शर्ट घाला आणि पाठीखाली जाळीदार रबरी मॅटचा तुकडा टाका. नुसता टॉवेल टाकू नका, तोही सोबत सरकतो.

तालमीत आमचे वस्ताद जोर मारताना फरे मोकळे सोडायला लावतात. जिममध्ये उलटं सांगतात. कुणाचं ऐकू? – भवानी पेठ

दोघांचंही. जोरात हात जमिनीवर रोवलेले आणि पाठ मोकळी असते. वर येताना फरे बरगड्यांना वळसा घालून पुढं जातात आणि ते काम काखेखालचा सेरेटस करतो. बेंचवर पाठ दाबलेली असते, फऱ्यांना जागाच नसते, म्हणून तिथं ते बांधून घ्यायचे आणि सेरेटसला सुट्टी द्यायची. नुसतं बेंच मारणाऱ्यांचा हा स्नायू म्हणूनच मागे पडतो. बेंचच्या दिवशी शेवटी वीस-पंचवीस जोर मारा, वस्तादांच्या पद्धतीनं. बेंचच्या आधी मात्र दमवणारे जोर नकोत, नाहीतर ट्रायसेप्स आधीच थकेल आणि बार छातीवरून उठूनही मध्येच अडकेल.