सुधारित तुलनात्मक आकडे तपासताना

आर्टिकलशिपच्या पहिल्याच वर्षी इंड एएस लागू असलेल्या कंपनीचे बदललेले मागील आकडे तुमच्यासमोर आले असतील, तर आधी एकच प्रश्न विचारा: जुने हिशेब मंजूर होताना ती माहिती उपलब्ध होती का? होती आणि तरीही वापरली गेली नाही, तर ती मागील कालावधीची चूक ठरते. साठ्याचे मूल्यांकन फिफोऐवजी भारित सरासरीने करणे हा मात्र धोरणबदल. दोन्हींत मागचे आकडे बदलतात, म्हणूनच चुकीला ‘धोरणबदल’ म्हणण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो.

समजा, 31 मार्च 2024 चा साठा 40 लाखांनी जास्त दाखवला गेला आणि ते पुढच्या वर्षी उघड झाले. 2023-24 चा करपूर्व नफा 40 लाखांनी घटेल. पण आरंभीचा साठा कमी झाल्याने, अखेरचा साठा बरोबर असल्यास, 2024-25 चा नफा तेवढाच वाढेल. हा दुसरा परिणाम नवशिके हमखास विसरतात. सही झालेल्या जुन्या ताळेबंदापासून सुरुवात करा, फरक मोजणीच्या पत्रकांशी जुळवा, कराचा परिणाम पाहा आणि या दुरुस्तीबद्दल व्यवस्थापनाचे लेखी निवेदन घ्या. चूक 31 मार्च 2023 च्या साठ्यातही असेल आणि तिचा परिणाम लक्षणीय असेल, तर 1 एप्रिल 2023 चा तिसरा ताळेबंदही लागतो.