शंभरावरून सुरू झालेली चुकीची रेष

«सहा वर्षांपूर्वी मुदत ठेव केली आणि त्याच वेळी बचत-विमा योजनाही घेतली. पहिल्या वर्षअखेरीस दोन्ही 100 धरून आलेख काढला. आज ठेव 140 वर आहे, तर योजना 760 वर. ठेव मोडून सगळी रक्कम योजनेत जादा भरणा म्हणून टाकावी का?»

टाकू नये. प्रारंभमूल्य 100 धरणे योग्यच, कारण लहानमोठ्या रकमांची वाढ त्यामुळे एकाच पट्टीवर मोजता येते. परंतु आपण योजनेची वाढ न मोजता तिची शिल्लक मोजली आहे. दर वर्षी 60 हजारांचा हप्ता त्या शिलकेत पडत असताना रेष वर जाणारच. आपली ठेव मात्र एकदाच ठेवलेली आहे.

आपल्या विवरणपत्रानुसार पहिल्या वर्षअखेरीस शिल्लक 50 हजार होती आणि आज ती 3 लाख 80 हजार आहे. त्यावरून 760 हा आकडा येतो खरा, पण आपण भरले 3 लाख 60 हजार, म्हणजे नफा अवघा 20 हजारांचा. शिवाय पहिल्या हप्त्यातून 10 हजार शुल्कापोटी कापले गेल्यानंतर आपण पाया धरला. त्यामुळे तो तोटा आलेखात आलाच नाही आणि पाया लहान झाल्याने पुढचा प्रत्येक आकडा फुगला. विकणाऱ्याने आपल्याला हा तक्ता कौतुकाने दाखवला असेल, तर त्याला हे ठाऊक नव्हते असे मानायला मी तयार नाही.

योग्य रीत अशी: वर्षअखेरची शिल्लक, वर्षारंभीची शिल्लक अधिक नवा हप्ता या बेरजेने भागावी आणि येणारा गुणक मागच्या निर्देशांकाला लावत जावे. पहिल्या वर्षी 60 हजारांचे 50 हजार झाले, म्हणून 100 चे 83. दुसऱ्या वर्षी 50 अधिक 60 असे 110 हजार होते, त्यांचे 112 झाले, म्हणून 83 चे सुमारे 85. असे करत सहाव्या वर्षअखेरीस निर्देशांक 94 च्या आसपास येतो, तर त्याच दिवसापासून मोजलेली, सुमारे 7 टक्क्यांची ठेव 150 वर. हा 94 पहिल्या दिवशी गुंतवलेल्या पैशाचा आहे. नंतरच्या हप्त्यांना तो पहिला फटका बसला नाही, म्हणून एकूण हिशेबात थोडा नफा दिसतो, आणि तोही वर्षाला दीड टक्क्याच्या जवळपास.

आता योजनेत राहावे की बाहेर पडावे, हा आपण न विचारलेला प्रश्न उरतो. त्यासाठी जुना आलेख बाजूला ठेवून आजचा दिवस 100 धरावा, कारण कापलेले शुल्क कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. योजनेच्या बाजूला आज हाती पडेल ते सरेंडर मूल्य लिहावे, शिल्लक नव्हे. गेली पाच वर्षे दोन-तीन टक्क्यांनी वाढलेली योजना सरेंडरची कपात भरून निघेल इतकी मागे आहे का, हे आजपासून काढलेल्या योजनेच्या आणि ठेवीच्या दोन रेषांवरून पाहून, आणि विम्याची गरज स्वतंत्र मुदत विम्याने भागत असेल तरच, बाहेर पडावे.