‘उशिरा का होईना’ हे म्हणायचं कोणी?

प्रश्न : औसा तालुक्यातल्या माझ्या मामांचा वाढदिवस १ जूनला होता, मला ४ तारखेला आठवला. त्यांना ५६ पूर्ण झाली. लिहून ठेवलंय ते असं : ‘उशिरा का होईना, पण वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा मामा! कामाच्या गडबडीत जमलं नाही. विलंबाबद्दल क्षमस्व.’ पण फार कोरडं वाटतंय, म्हणून अजून पाठवलं नाही. काय बदलू?

उत्तर : पाठवलं नाही ते बरं केलंत. पहिले तीन शब्दच आधी काढा. ‘का होईना’ म्हणताना आपण उणं पदरात घेतो आणि चालवून घेतो : थोडं का होईना, मिळालं, साधं का होईना, घर आहे. म्हणजे उशीर चालवून घेणं हा मामांचा हक्क. ‘उशिरा का होईना, भाच्याला आठवण आली’ असं ते म्हणाले तर माफी मिळाली समजा. तुम्हीच म्हणालात तर स्वतःची माफी स्वतःच देऊन मोकळे झालात. आपल्याकडं सर्रास ऐकू येणारं ‘देर आये, दुरुस्त आये’ हेही तसंच. ते ज्याच्याकडं उशिरा पोचलो त्याच्या तोंडी शोभतं.

‘जमलं नाही’ तर त्याहून वाईट. करायचं मनात होतं पण सवड मिळाली नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्या मनात मुळात तारीखच नव्हती. ‘राहून गेलं’ थोडं मऊ आहे, पण त्यात करणारा कोणी दिसतच नाही, जणू ते आपोआप राहिलं. मोठ्या माणसापुढं ‘चुकलंच माझं’ एवढं पुरतं. त्यातला ‘च’ सारवासारवीला जागा ठेवत नाही, आणि दोनच शब्दांत विषय संपतो. ‘विलंबाबद्दल क्षमस्व’ सूचनाफलकावर ठीक, मामाला नको.

आता शुभेच्छेचं. वाढदिवस १ तारखेला होऊन गेला, त्यामुळं दिवसाला शुभेच्छा दिल्या की त्या शिळ्या होणारच. पण मराठीत वय सांगताना आपण ‘लागलं’ म्हणतो. ५६ पूर्ण झाली म्हणजे मामांना सत्तावन्नावं लागलं, आणि ते ४ तारखेलाही लागलेलंच आहे. शुभेच्छा वर्षाला द्या. वर्ष नुकतं सुरू झालंय, तिथं तुम्ही वेळेवरच आहात. (आकडा मात्र मोजून घ्या. पूर्ण झालेलं आणि लागलेलं यांत एकाचा फरक असतो, आणि मोठी माणसं तो बरोबर पकडतात.)

जिव्हाळा विशेषणांनी येत नाही. ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ मामा’ कुणाच्याही मामाला चालतं. जून उजाडलाय, मृग तोंडावर आहे, मामांचं अर्धं लक्ष आभाळाकडं आणि अर्धं सोयाबीनच्या बियाण्याकडं असणार. तेच विचारा. मी असं लिहीन :

‘राम राम मामा. १ तारखेला फोन करायला पाहिजे होता, चुकलंच माझं. सत्तावन्नावं लागलं तुम्हाला, हे वर्ष चांगल्या तब्येतीचं आणि भरल्या रानाचं जाऊ द्या. सुट्टीत बांधावरच्या जांभळाखाली आपण जेवायला बसायचो, ते आठवायलंय. पाऊस पडायलाय का तिकडं? रविवारी सकाळी फोन करतो.’

जांभूळ मी घातलंय, तुमच्या आठवणीतलं जे खरं असेल ते घाला. उशिराचं वाक्य दुसरं आहे ते मुद्दाम : अगदी पहिलं ठेवलं तर सगळा निरोप माफीचा होतो, शेवटी ठेवलं तर मामांना उत्तरात ‘असू दे रे’ एवढंच लिहावं लागतं. शेवटी प्रश्न असला की उत्तर पावसाचं येतं, आणि बोलणं पुढं सरकतं. ‘आठवायलंय’, ‘पडायलाय’ घरी बोलत असाल तरच ठेवा. एरवी पुण्याच्या बोलीत बोलणारा भाचा एकाएकी असं लिहायला लागला तर मामा हसतील. ‘पाया पडतो’ टाळलंय, कारण कित्येक घरांत मामाच भाच्याच्या पाया पडतात.

१ जूनवरून विनोद करावासा वाटेल. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी शाळेत हीच तारीख टाकायचे, त्यामुळं त्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. ‘खरा वाढदिवस थोडाच आहे तो’ हे मामांनी स्वतः म्हटलं तर हसा, आपण काढू नका. विसरल्याचं निमित्त शोधलं असं वाटतं.

हा मजकूर आठवडाभर चालेल. त्यानंतर, किंवा ‘भाच्याचा एक फोन नाही’ असं मामा आईजवळ बोलून गेले असतील तर, लिहूच नका. सरळ फोन लावा.