बायोडिझेलची पहिली बॅच: मिथेनॉल जपून, तपासणी थंड करून

लातूरच्या उन्हाळ्यात ही बॅच घेणार असशील, तर आधी मिथेनॉल समजून घे. सुमारे 11 अंशांनाच ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि कातडीतून अंगात भिनलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे बर्नर अजिबात नको. फ्यूम हूडमध्ये, वॉटर बाथवर, हातमोजे आणि गॉगल घालूनच काम कर.

भज्यांच्या गाड्यावरचं तेल गाळ, तापवून त्यातलं पाणी घालव आणि 55 अंशांवर येऊ दे. समज, टायट्रेशनमध्ये 1 मिली तेलाला 0.1 टक्के कॉस्टिक सोड्याचं 3 मिली द्रावण लागलं. मग लिटरमागे ताज्या तेलालाही लागणारे 3.5 अधिक टायट्रेशनचे 3, म्हणजे 6.5 ग्रॅम सोडा. आपल्या 200 मिली तेलाला 1.3 ग्रॅम. तो 40 मिली मिथेनॉलमध्ये विरघळवून तेलात घाल. कंडेन्सर लावून तासभर ढवळ आणि रात्रभर थर बसू दे.

खालचं काळपट ग्लिसरॉल काढलं की वरच्या थरातलं 3 मिली 27 मिली मिथेनॉलमध्ये हलव. तळाशी थेंब साचले, तर तेवढं तेल कच्चं राहिलंय. पण ही चाचणी 20 अंशांच्या आसपासच भरवशाची आहे. आपल्याकडे एप्रिलात खोलीच 40 अंशांवर जाते. गरम मिथेनॉल कच्चं तेलही जास्त विरघळवतं आणि अर्धवट बॅच पास झाल्यासारखी दिसते. वरच्या थराची आणि मिथेनॉलची अशा दोन्ही नळ्या गार पाण्यात ठेवून थर्मामीटर बघ, मगच मिसळ. द्रावण स्वच्छ राहिलं तरी मोनोग्लिसराइड, म्हणजे अर्धवट बदललेल्या तेलाचे रेणू, त्यात लपलेले असू शकतात, म्हणून जर्नलमध्ये ‘पूर्ण रूपांतर’ असं लिहू नकोस.